सांकेतांकावरून रकाना भरणारे सूत्र

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



शाळा सोडल्याचा दाखला लिहावयाचा असतो तेव्हा मुख्याध्यापक काय करतात हे आपण सर्व जाणता. विद्यार्थ्याचा जनरल रजिस्टर नंबर घेऊन ते रजिस्टर उघडतात, क्रमांकाच्या रकान्यावरून बोट खाली नेतात, हवा तो क्रमांक सापडला की थांबतात आणि मग त्याच ओळीत बोट आडवे नेऊन जन्मतारखेच्या रकान्याशी पोहोचतात. दाखल्यावर उमटणारी तारीख नव्याने कोणी ठरविलेली नसते. ती रजिस्टरातून उचललेली असते. बोट एक ओळ चुकले तर दाखल्यावर दुसऱ्याच मुलाची जन्मतारीख उतरते. ती दिसावयास अगदी खऱ्या तारखेसारखीच असते, आणि म्हणूनच ही चूक दहा-दहा वर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

संगणकावरील एक्सेलमध्ये VLOOKUP नावाचे जे सूत्र आहे ते हेच बोट फिरविण्याचे काम करते. नावातील पहिले अक्षर उभ्या दिशेचे द्योतक आहे, कारण शोध उभ्या रकान्यात वरून खाली होतो. सांकेतांक एका पत्रकात असतो, त्या सांकेतांकाची माहिती दुसऱ्या पत्रकात असते आणि सूत्र ती माहिती शोधून पहिल्या पत्रकात आणून ठेवते. दुसऱ्या पत्रकास संदर्भतक्ता म्हणावे. आपल्या शाळांच्या बाबतीत सांकेतांक म्हणजे बहुधा यू-डायस क्रमांक होय. त्याचे अकरा अंक असतात: पहिले दोन राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे, नंतरचे तीन गावाचे व शेवटचे दोन शाळेचे. गावात एकाच नावाच्या दोन शाळा असू शकतात आणि एकच नाव चार जण चार प्रकारे लिहितात; क्रमांक मात्र एका शाळेस एकच असतो. म्हणून जुळवाजुळव नावावरून न करता क्रमांकावरून करावयाची असते.

एक कल्पित केंद्र घेऊ. केंद्रप्रमुखांनी शालेय पोषण आहाराच्या तांदळाची मागणी एकत्र करण्याचे काम एका तंत्रस्नेही शिक्षकाकडे सोपविले आहे. त्यांच्याकडे Shala नावाचे पत्रक आहे. त्याच्या A रकान्यात यू-डायस क्रमांक, B मध्ये शाळेचे नाव आणि C मध्ये पहिली ते पाचवीचा पट आहे. दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत बारा शाळा आहेत. दुसरे पत्रक मागणीचे. शाळांकडून चिठ्ठ्या ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने त्यांनी A मध्ये क्रमांक आणि B मध्ये कामाचे दिवस लिहिले आहेत. C मध्ये पट हवा आहे आणि D मध्ये तांदूळ. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास दररोज १०० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण आपल्या परिचयाचे आहे. उपस्थिती आणि शिल्लक साठा यांचा हिशेब येथे सोडून दिला आहे. मूळ मुद्दा पट आणण्याचा आहे.

मागणीपत्रकाच्या C2 मध्ये त्यांनी लिहावयाचे सूत्र असे:

```
=VLOOKUP(A2,Shala!$A$2:$C$13,3,FALSE)
```

या सूत्रास चार गोष्टी सांगितल्या आहेत. A2 हा शोधावयाचा क्रमांक. त्यानंतरचा भाग म्हणजे संदर्भतक्ता. शोध नेहमी त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत डावीकडच्या रकान्यातच होतो, म्हणून क्रमांकाचा रकाना डावीकडे असलाच पाहिजे. तिसरी गोष्ट 3 हा आकडा: सापडलेल्या ओळीत डावीकडून तिसऱ्या रकान्यातील मजकूर आणावा. चौथी गोष्ट FALSE. D2 मध्ये =B2*C2*0.1 लिहिले की किलोग्रॅम मिळतात. ४६ पट आणि २४ दिवस असतील तर ११०.४ किलो.

चौथ्या गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष नसते आणि सर्वांत मोठी हानी तिच्यामुळेच होते. FALSE याचा अर्थ येथे असा की क्रमांक तंतोतंत जुळला तरच माहिती आणावी, न जुळला तर सापडला नाही असे सांगावे. त्या जागी TRUE लिहिले, किंवा काहीच न लिहिता कंस बंद केला, तर सूत्र दुसऱ्याच रीतीने शोधते. काहीच न लिहिणे म्हणजे TRUE लिहिणे, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. त्या रीतीत हवा तो क्रमांक नसेल तर त्याहून लहान असलेल्या क्रमांकांपैकी सर्वांत मोठा जो क्रमांक, त्याच्या ओळीतील माहिती सूत्र मुकाट्याने आणून ठेवते.

वरील केंद्रात एका पाड्यावरील शाळेची चिठ्ठी तेरावी म्हणून आली. तिचा क्रमांक 27990100501 धरू. तिचा पट ६४ आहे, परंतु Shala पत्रकात ही शाळा चढवावयाची राहून गेलेली आहे. पत्रक क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लावलेले असून तिच्या आधीची शाळा 27990100401 ही आहे. तिचा पट ४१. शिक्षकांनी सूत्रात FALSE लिहिले असते तर त्या ओळीत #N/A असे उमटले असते. ते राहिले म्हणून तेथे ४१ हा आकडा आला. २४ दिवसांचा हिशेब ९८.४ किलो झाला. खरी गरज १५३.६ किलोची. फरक ५५.२ किलोचा आणि त्या शाळेला दिवसाला ६.४ किलो तांदूळ लागतो. म्हणजे महिन्यातील साडेआठ दिवसांहून अधिक काळाचा तांदूळ कागदावरच नाहीसा झाला. ९८.४ या आकड्यात खटकण्यासारखे काही नाही. केंद्रप्रमुख सही करतील, गटस्तरावर बेरीज होईल आणि महिन्याच्या अखेरीस पाड्यावरच्या मुख्याध्यापकास कोठी रिकामी का झाली याचा जाब विचारला जाईल.

मग ही दुसरी रीत ठेवलीच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. तिचा उपयोग आपण प्रत्येक सत्राच्या शेवटी करतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात शेकडा गुणांवरून श्रेणी द्यावयाची असते: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२ याप्रमाणे खाली ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि २० पर्यंत इ-२. येथे ६७ हा आकडा तक्त्यात नसतोच. तो ६१ ते ७० या गटात बसतो. म्हणून तक्त्याच्या पहिल्या रकान्यात प्रत्येक गटाचा केवळ खालचा आकडा चढत्या क्रमाने लिहावा: 0, 21, 33, 41, 51, 61, 71, 81, 91. दुसऱ्या रकान्यात श्रेणी लिहावी आणि सूत्र असे द्यावे:

```
=VLOOKUP(B2,Shreni!$A$2:$B$10,2,TRUE)
```

६७ शोधला असता त्याहून लहानांपैकी सर्वांत मोठा ६१ सापडतो आणि ब-२ ही श्रेणी येते. हे बरोबर आहे, कारण गुण हे मोजमाप आहे आणि ६१ व ६७ यांच्यात जवळीक आहे. यू-डायस क्रमांक हे मोजमाप नव्हे. ते नाव आहे. 27990100401 ही शाळा 27990100501 या शाळेच्या जवळची, असे म्हणण्यास काहीच अर्थ नाही. भरावयाच्या रकान्यापुढे हा एकच प्रश्न विचारावा: शोधावयाचा आकडा मोजमापाचा आहे की नावाचा? नावाचा असेल तर FALSE.

श्रेणीच्या बाबतीतही एक बारीक गोष्ट आहे. एखाद्या मुलीचे शेकडा गुण ४०.६ भरतात आणि पडद्यावर अपूर्णांक न दाखविण्याची योजना केलेली असल्यामुळे तेथे 41 दिसते. सूत्र मात्र आतला ४०.६ पाहते आणि ड श्रेणी देते. पालक गुणपत्रक घेऊन येतात तेव्हा ४१ गुणांना क-२ का नाही, याचे उत्तर शिक्षकास देता येत नाही. गुण पूर्णांकात घ्यावयाचे असतील तर आधी ROUND(B2,0) करून घ्यावे आणि मग शोधावे.

TRUE च्या रीतीत तक्ता चढत्या क्रमाने असणे अनिवार्य आहे. ही रीत शब्दकोश पाहण्यासारखी आहे: मधोमध उघडावयाचे, शब्द पुढे असेल की मागे हे ठरवावयाचे, उरलेला अर्धा भाग सोडून द्यावयाचा. शब्दकोशच क्रमाने लावलेला नसेल तर सोडून दिलेल्या भागात हवा तो शब्द असू शकतो. म्हणून अव्यवस्थित तक्त्यात तेथे असलेल्या क्रमांकासमोरही चुकीची माहिती येते. FALSE लिहिले असता क्रमाची अट नाही.

आता #N/A विषयी. हे चिन्ह दिसले की नवशिका शिक्षक घाबरतो. वस्तुतः ते सूत्राचे प्रामाणिक उत्तर आहे: शोधले, सापडले नाही. पुष्कळदा मात्र क्रमांक डोळ्यांना दोन्ही पत्रकांत स्वच्छ दिसत असतो आणि तरीही सूत्र नाही म्हणते. तेव्हा दोष बहुधा पुढील दोहोंपैकी एक असतो.

पहिला दोष असा की एका पत्रकातील क्रमांक संख्या म्हणून आणि दुसऱ्यातील मजकूर म्हणून साठविलेला असतो. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या यादीत असे वारंवार घडते. काही न करता संख्या सेलच्या उजव्या कडेस आणि मजकूर डाव्या कडेस चिकटतो. मजकूररूप अंकांच्या सेलच्या कोपऱ्यात लहानसा हिरवा त्रिकोणही बहुधा दिसतो. खात्री करावयाची तर =ISTEXT(A2) लिहावे आणि तीच चाचणी संदर्भतक्त्याच्या सेलवर करावी. एकीकडे TRUE व दुसरीकडे FALSE आले की कारण सापडले. दोन्ही रकाने एकाच प्रकारचे करावेत.

दुसरा दोष न दिसणाऱ्या मोकळ्या जागेचा. अकरा अंकांच्या पुढे एक मोकळी जागा राहून गेली की संगणकाच्या दृष्टीने तो बारा अक्षरांचा मजकूर होतो. =LEN(A2) लिहिले असता 11 च्या जागी 12 येते. TRIM या सूत्राने कडेची साधी मोकळी जागा निघते. संकेतस्थळावरून आलेली मोकळी जागा कधी कधी निराळ्या जातीची असते आणि TRIM तिला हात लावीत नाही; तेथे =SUBSTITUTE(A2,CHAR(160),"") वापरावे.

याशिवाय #N/A चे आणखी एक कारण सूत्र खाली ओढताना निर्माण होते. वरील सूत्रात $ ही चिन्हे आहेत ती शोभेसाठी नाहीत. ती नसतील तर सूत्र एक ओळ खाली नेताच तक्ताही एक ओळ खाली सरकतो: तिसऱ्या ओळीत तो A3:C14 होतो, आठव्या ओळीत A8:C19. वरच्या शाळा तक्त्याबाहेर पडत जातात. हा दोष ओळखण्याची खूण अशी की रकान्याच्या वरच्या भागात माहिती नीट येते आणि खाली जावे तसे #N/A वाढत जाते. गंमत अशी की दोन्ही पत्रकांत शाळा एकाच क्रमाने असतील तर हा दोष मुळीच दिसत नाही, कारण प्रत्येक शाळा सरकत्या तक्त्याच्या पहिल्याच ओळीत सापडते. पुढच्या महिन्यात चिठ्ठ्यांचा क्रम बदलला म्हणजे तो उघड होतो, आणि मागच्या महिन्यात चाललेले सूत्र आता का चालत नाही म्हणून शिक्षक संगणकाला बोल लावीत बसतात.

#N/A मुळे खालची बेरीजही #N/A होते. मागणी पाठविण्याची घाई असते, म्हणून कोणीतरी युक्ती सांगतो की सूत्राला IFERROR ने वेढून न सापडल्यास 0 लिहावे. बेरीज लगेच होते. परंतु पाड्यावरच्या शाळेचा पट शून्य झालेला असतो. बेरीज होत नव्हती ती एक शाळा हिशेबात नाही म्हणून होत नव्हती. ते सांगणारे तोंडच या युक्तीने बंद केले. मागणी, मानधन, शिष्यवृत्ती अशा कोणत्याही रकान्यात न सापडलेल्याच्या जागी शून्य घालू नये. #N/A तसेच राहू द्यावे आणि त्या त्या ओळीचे कारण शोधून ते घालवावे. याच संदर्भात हेही लक्षात असावे की शाळा तक्त्यात आहे पण तिच्या पटाचा सेल रिकामा आहे, अशा वेळी सूत्र स्वतः होऊनच 0 आणते. तेथे #N/A येत नाही.

सातवीपर्यंतच्या शाळांबाबत एक वेगळीच अडचण उद्भवते. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास तांदळाचे प्रमाण १५० ग्रॅम आहे, म्हणून काही जण संदर्भतक्त्यात एकाच शाळेच्या दोन ओळी करतात: एक खालच्या वर्गांची, एक वरच्या वर्गांची. दोन्हींचा यू-डायस क्रमांक एकच. सूत्र वरून खाली येताना पहिल्या ओळीशी थांबते आणि दुसरीपर्यंत कधीच पोहोचत नाही. वरच्या वर्गांची मुले हिशेबातून गळतात आणि कोठेही दोषचिन्ह उमटत नाही. संदर्भतक्त्यात एका क्रमांकास एकच ओळ असावी. दोन पट हवे असतील तर दोन रकाने करावेत, C मध्ये पहिली ते पाचवी आणि D मध्ये सहावी ते आठवी. तक्त्याची व्याप्ती $D$13 पर्यंत वाढवून तो पट रकाना 4 म्हणून निराळा आणावा.

मात्र नवा रकाना मधेच घुसवू नये. सूत्रातील 3 हा आकडा मोजणीचा आहे. रकान्याचे नाव तो जाणत नाही. नावाच्या आणि पटाच्या मध्ये कोणी शिक्षकसंख्येचा रकाना घातला तर तिसरा रकाना आता शिक्षकसंख्येचा होतो आणि दोनशिक्षकी शाळेला २४ दिवसांसाठी ४.८ किलो तांदळाची मागणी जाते. हा आकडा निदान डोळ्यांत भरतो. तेथे मुलींची संख्या घातली असती तर तोही भरला नसता.

२०१९ साली जाहीर झालेल्या XLOOKUP या नव्या सूत्रात यांतील दोन उणिवा काढून टाकल्या आहेत. त्यात शोधाचा रकाना आणि आणावयाचा रकाना निरनिराळा सांगावयाचा असतो, त्यामुळे मोजणी नाही. आणि काही न सांगितल्यास ते तंतोतंत जुळणीच करते.

```
=XLOOKUP(A2,Shala!$A$2:$A$13,Shala!$C$2:$C$13)
```

शाळेतील संगणकावर एक्सेल २०१६ किंवा २०१९ असेल तर हे सूत्र चालत नाही. लिहिले असता #NAME? येते. तेथे जुन्या सूत्रानेच काम करावे.

रकाना भरून झाल्यावर तपासणीसाठी दोन गोष्टी पुरतात. मागणीपत्रकातील पटाची बेरीज Shala पत्रकातील पटाच्या बेरजेशी ताडून पाहावी. वरील उदाहरणात चुकीने ४१ दोनदा धरला गेला असल्यामुळे मागणीची बेरीज संदर्भतक्त्याहून ४१ ने अधिक येते आणि चोर तेथेच सापडतो. दोन शाळांच्या पटाची अदलाबदल झाली असेल तर मात्र बेरीज तीच राहते. म्हणून पटाबरोबर शाळेचे नावही याच सूत्राने एका रकान्यात आणावे, आणि प्रत्येक चिठ्ठीवरील हस्ताक्षरातील नावाशी ते डोळ्यांनी पडताळावे. तेरा ओळींना पाच मिनिटे लागतात.

शाळांच्या क्रमांकावरून विद्यार्थ्यांच्या क्रमांकाकडे वळताना एका गोष्टीची फार सावधगिरी हवी. सरल प्रणालीतील विद्यार्थी क्रमांक १९ अंकी आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपून ठेवते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये घालते. १९ अंकी क्रमांक संख्या म्हणून साठविला गेला की शेवटचे चार अंक पुसले जातात, आणि ज्या मुलांचे पहिले पंधरा अंक सारखे आहेत त्या सर्वांचा क्रमांक एकच होतो. मग सूत्र त्या प्रत्येकासमोर यादीतील पहिल्याच मुलाचे नाव किंवा खाते क्रमांक आणून ठेवते. तंतोतंत जुळणी मागितली तरी येथे काही उपयोग नाही, कारण पुसलेले क्रमांक खरोखरच तंतोतंत जुळतात. अशा वेळी सेलमध्ये E+18 असा शेवट दिसतो आणि वरच्या सूत्रपट्टीत पाहिले असता क्रमांक 0000 ने संपतो. नंतर सेलचा प्रकार मजकूर असा बदलला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. यादी चिकटविण्यापूर्वीच तो रकाना मजकूर प्रकारचा करावा लागतो. बिघडलेली यादी टाकून देऊन मूळ यादी पुन्हा उतरवून घ्यावी लागते.

असा नीट जपलेला मजकूररूप क्रमांक VLOOKUP बरोबर ओळखते. परंतु तोच क्रमांक यादीत दोनदा आला आहे काय हे पाहण्यासाठी COUNTIF वापरले, तर ते अंकांच्या मजकुरास संख्या समजते आणि पुन्हा पंधरा अंकांवरच थांबते. वर्गातील निम्मी मुले दुबार नोंदलेली आहेत असे ते सांगू लागले तर एकही नाव कमी करण्यापूर्वी क्रमांकांचे शेवटचे चार अंक डोळ्यांनी वाचून पाहावेत.